द्रावण बनवताना घनता आणि शुद्धता कुठे धरायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावी आणि बी.एस्सी.चे विद्यार्थी, प्रयोगशाळा सहायक, माती-पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नव्याने लागलेली मुले यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांमध्ये शक्यतो एकच बाटली धरली आहे: लेबलवर शुद्धता ३५.४ टक्के आणि घनता १.१८ लिहिलेले संहत हायड्रोक्लोरिक आम्ल. तुमच्या बाटलीवरचे आकडे थोडे वेगळे असतील, तेव्हा गणितात तुमचेच आकडे घाला.

१. आम्लाच्या बाटलीवर तीन आकडे असतात. त्यांचा नेमका अर्थ काय?

पहिला आकडा रेणुवस्तुमान, HCl साठी ३६.४६. एक मोल शुद्ध HCl म्हणजे ३६.४६ ग्रॅम.

दुसरा शुद्धता, म्हणजे ॲसे. ३५.४ टक्के म्हणजे बाटलीतल्या १०० ग्रॅम द्रवात ३५.४ ग्रॅम HCl आहे, उरलेले पाणी. ही टक्केवारी वजनास वजन असते, म्हणजे १०० ग्रॅमला, १०० मिलीला नव्हे. बहुतेक चुकांचे मूळ इथेच सापडते.

तिसरा आकडा घनता. १ मिली द्रवाचे वजन १.१८ ग्रॅम. आपण आम्ल मापतो मिलीत आणि गणित येते ग्रॅममध्ये. या दोन्हींना जोडणारा आकडा हा एवढाच.

लेबलवर कधी ‘किमान ३५ टक्के’ किंवा ‘३५ ते ३८ टक्के’ असे लिहिलेले असते. तेव्हा त्यावरून काढलेले उत्तर अंदाजाचेच राहते. त्याचे पुढे काय करायचे ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. ५०० मिली १ मोलर HCl करायचे आहे. सूत्र पाठ न करता कसे काढू?

तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीत आपण कशाचे ग्रॅम मोजतोय हे मनाशी बोललात तर चूक होत नाही.

आधी शुद्ध HCl किती हवे ते काढा. १ मोलरच्या अर्ध्या लिटरमध्ये अर्धा मोल असतो, म्हणून १८.२३ ग्रॅम HCl हवे.

मग एवढे HCl बाटलीतल्या किती ग्रॅम द्रवात मिळेल ते काढा. द्रव सगळा HCl नसल्यामुळे तो जास्तच घ्यावा लागणार. १८.२३ ला ०.३५४ ने भागा, ५१.५ ग्रॅम येतात.

शेवटी ५१.५ ग्रॅम द्रव म्हणजे किती मिली? द्रव पाण्यापेक्षा जड आहे, म्हणून मिलीचा आकडा ग्रॅमपेक्षा लहान असणार. ५१.५ ला १.१८ ने भागले की ४३.६ मिली येतात.

रोज हेच काम असेल तर बाटलीची स्वतःची मोलॅरिटी एकदाच काढून ठेवा. १ लिटर द्रवाचे वजन ११८० ग्रॅम, त्यात ३५.४ टक्के म्हणजे ४१७.७ ग्रॅम HCl, त्याला ३६.४६ ने भागले की ११.४६ मोलर. पुढे कुठलेही विरल द्रावण साध्या M₁V₁ = M₂V₂ ने निघते: ५०० × १ ÷ ११.४६ = ४३.६ मिली.

सल्फ्युरिक आम्लासाठीही हाच मार्ग. ९८ टक्के आणि १.८४ घनतेचे आम्ल १८.४ मोलर भरते.

३. गणित करून द्रावण बनवले, पण टायट्रेशनमध्ये भलताच आकडा आला. काय चुकले ते कसे ओळखू?

चुकीच्या आकड्यातच बहुतेक वेळा उत्तर असते. म्हणून द्रावण ओतून देण्याआधी तो आकडा नीट पाहा.

१ मोलरऐवजी १.१८ आले, तर घनता राहून गेली. तुम्ही ५१.५ ग्रॅमऐवजी ५१.५ मिली आम्ल घेतले आहे. ०.३५ आले, तर शुद्धता राहून गेली: १८.२३ ला थेट १.१८ ने भागून १५.४ मिली घेतले आहेत. १.३९ आले, तर घनतेने भागण्याऐवजी गुणले आहे, कारण १.१८ × १.१८ = १.३९. आणि ०.१२५ च्या आसपास आले, तर शुद्धतेने भागण्याऐवजी गुणले आहे.

याच कारणाने कोणती चूक महाग पडते ते आम्लानुसार बदलते. सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के असल्याने तिथे शुद्धता विसरली तर जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. घनता विसरली, तर द्रावण १.८४ पट तीव्र होते. हायड्रोक्लोरिकमध्ये नेमके उलट: घनतेचा फरक १८ टक्के, शुद्धतेचा जवळपास तिप्पट. सल्फ्युरिकवर हात बसलेला माणूस HCl करताना शुद्धता विसरतो, त्याचे कारण हेच आहे.

आकडा यातल्या कशाशीच जुळत नसेल आणि फरक दोन-चार टक्क्यांचाच असेल, तर चूक गणितात नसून बाटलीत किंवा मापनात आहे. प्रश्न ४ आणि १० पाहा.

४. प्रत्यक्ष बनवताना क्रम काय? खुणेपर्यंत पाणी कधी भरायचे?

गॉगल, हातमोजे आणि चालू फ्यूम हूड. तोंडाने पिपेट ओढायचा नाही, रबरी फुगा वापरायचा. बीकरमध्ये साधारण ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर आधी घ्या आणि मापलेले आम्ल त्यात काचेच्या कांडीवरून हळूहळू सोडत ढवळा. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. विशेषतः सल्फ्युरिक आम्लावर पाणी पडले की पाणी वरच्या थरातच उकळते आणि आम्ल उडते.

बीकर हाताला गार लागेपर्यंत थांबा. सल्फ्युरिकचे द्रावण असेल तर बीकर पाण्याच्या टबात ठेवा. मग ते व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घाला, बीकर दोनतीनदा थोड्या थोड्या पाण्याने विसळून तेही त्यातच ओता आणि शेवटी खुणेपर्यंत भरा. बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटासुलटा करा. मान अरुंद असल्याने नुसते हलवून वरचे पाणी खाली मिसळत नाही.

गार होण्याची वाट का पाहायची? पाणी ४० अंशांवरून २५ अंशांवर आले की अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसते. कोमट असताना खुणेला भरलेले एक लिटर गार झाल्यावर खुणेच्या सुमारे ५ मिली खाली दिसते, म्हणजे द्रावण तेवढे तीव्र झालेले असते. तिथे नंतर पाणी भरून दुरुस्ती होते, पण द्रावण तोवर दुसऱ्या बाटलीत गेले असेल तर कळतही नाही. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असे छापलेले असते, ते तापमान याच्यासाठीच असते.

संहत आम्ल मेजरिंग सिलिंडरने मापले तरी चालते का, असेही विचारतात. द्रावण नंतर टायट्रेशनने प्रमाणित करणार असाल तर चालते. ४३.६ मिलीमध्ये अर्धा मिली इकडेतिकडे झाला तर एक टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. प्रमाणित करणार नसाल, तर ब्युरेटने मापूनही फार काही साधत नाही, कारण लेबलचा आकडाच तेवढा खात्रीचा नसतो.

५. घन पदार्थाच्या शुद्धतेने भागायचे की गुणायचे? आणि रेणुवस्तुमान कोणते घ्यायचे?

भागायचे. भेसळ असलेला माल जास्त तोलावा लागतो. तुमचे उत्तर शुद्ध वजनापेक्षा कमी आले तर तिथेच थांबा.

२५० मिली ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाचे उदाहरण घ्या. बाटलीत असतात ते (COOH)₂·2H₂O चे स्फटिक. त्यांचे रेणुवस्तुमान १२६.०७, म्हणून सममूल्यभार ६३.०४. पाव लिटरला ६३.०४ × ०.१ × ०.२५ = १.५७६ ग्रॅम लागतात. लेबलवर ९९.५ टक्के असेल तर १.५७६ ÷ ०.९९५ = १.५८४ ग्रॅम.

इथे शुद्धतेची दुरुस्ती आहे ८ मिलिग्रॅमची. पण स्फटिकजल विसरून ९०.०३ हे निर्जल आम्लाचे रेणुवस्तुमान धरले, तर तुम्ही १.१२५ ग्रॅमच घ्याल आणि द्रावण ०.१ ऐवजी ०.०७१ नॉर्मल होईल. अर्ध्या टक्क्याची काळजी करत बसण्याआधी लेबलवर ‘·2H₂O’, ‘·5H₂O’ असे काही आहे का ते पाहा. मोरचूद हेही असेच उदाहरण: पाच रेणू पाण्यासह २४९.७, निर्जल असेल तर १५९.६.

स्फटिकजल ही अशुद्धता नाही, हेही ध्यानात ठेवा. ९९.५ टक्के हा आकडा पाण्यासह असलेल्या स्फटिकांचा आहे. योग्य रेणुवस्तुमान घेतल्यावर त्या पाण्यासाठी पुन्हा वेगळी दुरुस्ती करायची नसते.

६. ‘१० टक्के HCl करा’ एवढेच लिहिले आहे. कसे समजायचे?

पद्धतीत दुसरे काही सांगितले नसेल तर प्रयोगशाळेत घन पदार्थाचा टक्का साधारणपणे वजनास आकारमान धरतात, म्हणजे १०० मिली द्रावणात १० ग्रॅम. आम्लांच्या बाबतीत मात्र लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते शक्य असेल तर विचाराच. काही जुन्या पद्धतींत ‘१० टक्के आम्ल’ म्हणजे १० मिली बाटलीतले आम्ल १०० मिलीपर्यंत भरणे, असाही अर्थ असतो, आणि त्यात HCl निघते जेमतेम ४ ग्रॅम.

५०० मिली, वजनास आकारमान १० टक्के हवे असेल तर ५० ग्रॅम HCl लागते. ५० ÷ ०.३५४ = १४१.२ ग्रॅम द्रव, आणि ÷ १.१८ = ११९.७ मिली. प्रश्न ४ च्या क्रमाने ते ५०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा.

वजनास वजन १० टक्के हवे असेल तर तेच ११९.७ मिली आम्ल घ्या, पण पाणी घालून एकूण वजन ५०० ग्रॅम करा. आम्ल दोन्हींत सारखेच असते. एकात आपण थांबतो ५०० मिलीला, दुसऱ्यात ५०० ग्रॅमला. १० टक्के HCl ची घनता १.०४७ असल्याने ५०० ग्रॅमचे सुमारे ४७७ मिलीच होतात.

सर्वाधिक दिसणारी चूक अशी: १० × ५०० ÷ ३५.४ = १४१ मिली. यात डावीकडचा टक्का वजनास आकारमान आणि उजवीकडचा वजनास वजन आहे. दोन वेगळे टक्के एका समीकरणात बसत नाहीत. द्रावण ११.८ टक्के होते, आणि हा १.१८ पुन्हा घनतेचाच (प्रश्न ३).

आकारमानास आकारमान हा टक्का अल्कोहोलसारख्या द्रवांसाठी. ९५ टक्क्यांपासून ७० टक्के करताना ७३.७ मिली घेऊन पाण्याने १०० मिलीपर्यंत भरा. २६.३ मिली पाणी मोजून ओतू नका. अल्कोहोल आणि पाणी मिसळले की एकूण आकारमान कमी होते.

७. नॉर्मॅलिटी म्हणजे मोलॅरिटी गुणिले किती? हा ‘किती’ कुठून आणायचा?

तो पदार्थावरून नव्हे, अभिक्रियेवरून येतो. HCl एक प्रोटॉन देते म्हणून १ मोलर म्हणजे १ नॉर्मल. सल्फ्युरिक दोन देते, म्हणून १८.४ मोलरची बाटली ३६.८ नॉर्मल, आणि एक लिटर १ नॉर्मलसाठी १००० ÷ ३६.८ = २७.२ मिली आम्ल.

फॉस्फोरिक आम्लाला तीन हायड्रोजन आहेत म्हणून तीनाने गुणू नका. मिथिल ऑरेंजवर टायट्रेशन पहिल्या प्रोटॉनला थांबते, फिनॉल्फ्थॅलिनवर दुसऱ्याला. तेच द्रावण एका दर्शकाने १ नॉर्मल आणि दुसऱ्याने २ नॉर्मल ठरते.

पोटॅशियम परमँगनेटमध्ये मोजायचे ते इलेक्ट्रॉन. आम्लधर्मी द्रावणात मँगनीज +७ वरून +२ वर येते, म्हणून ५. सममूल्यभार १५८.०३ ÷ ५ = ३१.६, आणि ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ३.१६ ग्रॅम. उदासीन किंवा सौम्य अल्कधर्मी द्रावणात मँगनीज डायऑक्साइड बनतो, तिथे ३ इलेक्ट्रॉन आणि सममूल्यभार ५२.७. म्हणून बाटलीवर नुसते ‘०.१ नॉर्मल KMnO₄’ लिहिणे अपुरे आहे, शेजारी ‘०.०२ मोलर’ असेही लिहा. मोलॅरिटी अभिक्रियेप्रमाणे बदलत नाही. नॉर्मॅलिटी वापरू नये अशी आंतरराष्ट्रीय शिफारस याच गोंधळामुळे आहे, पण आपल्या अभ्यासक्रमात आणि तपासणीच्या जुन्या पद्धतींत ती अजून आहे, तेव्हा समजून घ्यावीच लागते.

८. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांवर ९७ टक्के लिहिले आहे. ४ ÷ ०.९७ केले की ०.१ मोलर झाले ना?

जवळपास झाले, नेमके नाही. ४.१२ ग्रॅम हे गणित बरोबर आहे, पण तो ९७ चा आकडा कारखान्यातून निघालेल्या बंद डब्याचा आहे. डबा उघडला की गोळ्या हवेतले पाणी ओढतात. पावसाळ्यात तर तोलता तोलता त्या ओलसर दिसू लागतात आणि काट्यावरचा आकडा चढत राहतो. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यांच्यावर कार्बोनेट धरते. म्हणून इथे चार दशांशांपर्यंत तोलण्यात अर्थ नाही. झटपट साध्या काट्यावर तोला आणि नंतर ऑक्झॅलिक आम्लाने (प्रश्न ५) प्रमाणित करा.

द्रावणात कार्बोनेट आले आहे का, हे दोन दर्शक वापरून कळते. त्याच NaOH चे ठरावीक आकारमान HCl शी एकदा फिनॉल्फ्थॅलिनने आणि एकदा मिथिल ऑरेंजने टायट्रेट करा. मिथिल ऑरेंजला स्पष्टपणे जास्त आम्ल लागले तर कार्बोनेट आहे.

ते टाळायचे असेल तर आधी ५० टक्के, वजनास वजन, द्रावण करा: NaOH आणि पाणी समान वजनाने. हे द्रावण प्रचंड तापते, म्हणून बर्फाच्या पाण्यात ठेवून थोडे थोडे विरघळवा. इतक्या संहत द्रावणात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, ते तळाशी बसते. प्लॅस्टिकच्या बाटलीत काही दिवस ठेवल्यावर वरचा नितळ द्रव घ्यायचा. त्याची घनता सुमारे १.५३, म्हणजे तो १९ मोलर असतो. एक लिटर ०.१ मोलरसाठी ५.३ मिली पुरतात. विरल करायला उकळून गार केलेले पाणी वापरा आणि बाटलीला काचेचे बूच लावू नका, ते चिकटून बसते.

९. प्रमाणित केल्यावर ०.९७९ मोलर आले. आता ते बरोबर १ मोलर करू का?

आधी हा आकडा कसा येतो ते पाहू. निर्जल सोडियम कार्बोनेट २५० अंशांच्या वर तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून १.३१२ ग्रॅम तोलले. ते पाण्यात विरघळवून मिथिल ऑरेंजवर आपल्या HCl ने टायट्रेट केले, ब्युरेटचे वाचन २५.३० मिली. एका Na₂CO₃ ला दोन HCl लागतात, म्हणून मोलॅरिटी = २ × १.३१२ × १००० ÷ (१०५.९९ × २५.३०) = ०.९७९. किमान तीन वाचने घ्या आणि ती जुळत नसतील तर सरासरी काढण्यापेक्षा कारण शोधा.

आता उत्तर: करू नका. लेबलवर ०.९७९ लिहा आणि गणितात तोच आकडा वापरा. एक-दोन मिली संहत आम्ल घालून आकडा वर ओढायला गेलात, तर पुन्हा प्रमाणित करावेच लागते.

पद्धतीत नेमके १ मोलरच हवे असेल तर सुरुवातीलाच ४३.६ ऐवजी ४५ मिली आम्ल घ्या. द्रावण थोडे तीव्र बनते आणि पाणी घालून खाली आणणे सोपे असते. समजा १.०३४ मोलर आले आणि ४७० मिली शिल्लक आहे: ४७० × १.०३४ = ४८६, म्हणजे १६ मिली पाणी घालायचे, आणि नंतर एक वाचन घेऊन खात्री करायची.

१०. बाटली जुनी आहे, लेबलवर विश्वास नाही. हायड्रोमीटरने घनता मोजून टक्का काढता येईल का?

HCl साठी येतो. त्याची घनता टक्क्याबरोबर नीट वाढते: २० अंशांना ३४ टक्क्यांना १.१६९, ३६ टक्क्यांना १.१७९, ३८ टक्क्यांना १.१८९. वारंवार उघडलेल्या बाटलीतून HCl वायू निघून जातो, त्यामुळे घनता लेबलपेक्षा कमी भरते आणि तक्त्यावरून नवा टक्का मिळतो. तापमान मात्र नोंदवा, कारण तक्ते ठरावीक तापमानाचे असतात.

संहत सल्फ्युरिक आम्लाला ही युक्ती लागू पडत नाही. त्याची घनता ९८ टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक होते आणि १०० टक्क्यांकडे जाताना पुन्हा उतरते. ९६ टक्के आणि ९८ टक्के दोन्हींची घनता २० अंशांना जवळजवळ सारखीच, १.८३६. सल्फ्युरिक HCl सारखे उडून जात नाही, उलट हवेतले पाणी ओढून हळूहळू विरल होते, आणि हायड्रोमीटर तोवर काहीच सांगत नाही.

तिथे वजन करून टायट्रेशनच करावे लागते. बूच लावलेल्या छोट्या तोलबाटलीत १ ग्रॅमच्या आसपास आम्ल नेमके तोलून घ्या, ती हलकेच भरपूर गार पाण्यात रिकामी करा आणि विसळून घ्या. गार झाल्यावर १ नॉर्मल NaOH ने टायट्रेट करा. आम्ल खरेच ९८ टक्के असेल तर दर ग्रॅमला २० मिली NaOH लागते. ९४ टक्क्यांवर उतरले असेल तर १९.२ मिलीलाच रंग बदलतो.